ट्रेलरने किती सांगावं?

या लेखात ‘टर्मिनेटर’ मालिकेतल्या दोन चित्रपटांची रहस्यं उघड केली आहेत. ते पाहायचे राहिले असतील आणि पाहायची इच्छा असेल, तर आधी ते पाहा आणि मग हे वाचा.

१९९१ च्या ‘टर्मिनेटर २’मध्ये भविष्यातून दोघं येतात. एक धिप्पाड, काळ्या चामडी कपड्यांतला. दुसरा सडपातळ, पोलिसाच्या गणवेशातला. दोघंही जॉन कॉनर नावाच्या एकाच मुलाला शोधत असतात. १९८४ च्या पहिल्या चित्रपटात अर्नोल्ड श्वार्झनेगर खुनी यंत्रमानव होता. त्यामुळे याही वेळी तोच मारायला आलाय आणि तो सभ्य पोलीस वाचवायला, असं प्रेक्षकाने समजावं, अशी सगळी मांडणी जेम्स कॅमेरून करतो. पोलीस मुलाच्या पालकांशी अदबीने बोलतो, त्याचा फोटो मागून घेतो. अर्नोल्ड एका बारमध्ये शिरून लोकांना आपटतो, त्यांचे कपडे आणि मोटरसायकल घेऊन निघून जातो. साधारण अर्ध्या तासाने मॉलच्या एका मागच्या बोळात तिघं एकत्र येतात. मुलाच्या पाठीमागे पोलीस, पुढ्यात अर्नोल्ड. अर्नोल्डच्या हातात गुलाबांचा खोका, खोक्यातून बंदूक बाहेर येते, फुलं खाली पडून बुटाखाली चिरडतात. मुलाला पळायला जागा नाही. अर्नोल्ड नेम धरतो, मुलाला खाली वाक म्हणतो आणि गोळी पोलिसाला घालतो.

अर्ध्या तासातला प्रत्येक शॉट या एका क्षणासाठी रचलेला आहे. आणि ट्रेलरने तो क्षण प्रदर्शनाआधीच देऊन टाकला होता. यंत्र तेच आहे, पण या वेळी ते मुलाला वाचवायला आलंय, हे ट्रेलर पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चित्रपट उत्तम आहे आणि प्रचंड चाललाही. पण त्या बोळात ज्या प्रेक्षकाचा श्वास अडकायला हवा होता, तो प्रेक्षक थिएटरात जवळजवळ कुणी उरलाच नव्हता.

ट्रेलरने किती सांगावं, यावर वाद सुरू झाला की लोक लांबीबद्दल बोलतात, नाहीतर ‘सगळी गोष्टच दाखवली’ म्हणून थांबतात. मला मोजपट्टी दुसरी वाटते. चित्रपटाने स्वतः जी गोष्ट लपवायला मेहनत घेतली आहे, ती ट्रेलरने सांगू नये. जी लपवलेलीच नाही, ती खुशाल सांगावी. जहाज बुडणार हे साऱ्या जगाला माहीत असतं, तिथे लपवायचं काय? पण दिग्दर्शकाने, लेखकाने, संकलकाने अर्धा-पाऊण तास खर्चून प्रेक्षकाच्या मनात एक समज उभा केला असेल आणि मग तो मोडला असेल, तर तो समज मोडण्याचा हक्क चित्रपटाचा आहे. जाहिरात विभागाचा नाही.

हे वारंवार का होतं ते समजण्यासाठी ट्रेलर कापण्याची पद्धत पाहायला हवी. ट्रेलर बहुतेक वेळा चित्रपटाचा संकलक कापत नाही. हे काम फक्त ट्रेलर आणि प्रोमो करणाऱ्या संस्थांकडे जातं. मोठ्या चित्रपटासाठी दोन-तीन संस्थांकडून वेगवेगळे ट्रेलर करून घेतले जातात आणि त्यातला एक निवडला जातो. त्यांच्या हाती बऱ्याचदा कच्चा कट येतो. व्हीएफएक्स अपुरे असतात, पार्श्वसंगीत तात्पुरतं असतं. ट्रेलरचा संकलक आधी तो कट फोडतो. कोणत्या संवादात गोष्ट सांगायची ताकद आहे, ते संवाद वेगळे काढतो. कोणत्या शॉटवर डोळा थबकतो, ते शॉट वेगळे काढतो. मग निवडक संवाद एकामागोमाग लावून दीड-दोन मिनिटांचा कणा तयार करतो. दृश्यं नंतर येतात. त्यामुळे एका दृश्यातलं वाक्य दुसऱ्याच दृश्यावर ऐकू येतं, प्रश्न एका प्रसंगातला असतो आणि उत्तर तिसऱ्याच प्रसंगातलं. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. तीन तासांचा ऐवज अडीच मिनिटांत बसवायचा तर असं करावंच लागतं.

या कण्याचे साधारण तीन टप्पे पडतात. आधी माणसं आणि जागा. मग काहीतरी बिघडतं, आणि तिथे बहुधा संगीत अचानक थांबतं, पडदा क्षणभर काळा होतो. मग तिसऱ्या टप्प्यात ठोक्यांवर कापलेले झपाट्याचे शॉट, वाढत जाणारा आवाज, शीर्षक, आणि शीर्षकानंतर एखादा विनोद किंवा दचका. मोबाइलवर पाहणारा माणूस पाच सेकंदांत पुढे सरकतो, म्हणून हल्ली सुरुवातीलाच या सगळ्याचा एक चिमुकला नमुनाही डकवलेला असतो.

अडचण तिसऱ्या टप्प्यात आहे. तिथे सगळ्यात भारी शॉट लागतात, आणि सगळ्यात भारी शॉट चित्रपटाच्या शेवटच्या भागात असतात. पैसा तिथेच ओतलेला असतो. दोन संस्थांचे ट्रेलर स्पर्धेत असतील तर जिच्या ट्रेलरमध्ये तो शॉट आहे तिचं पारडं जड होतं. शिवाय ट्रेलर एक नसतो. टीझर, ट्रेलर, दुसरा ट्रेलर, मग टीव्ही आणि मोबाइलसाठीचे छोटे प्रोमो. प्रत्येक वेळी काहीतरी ‘नवं’ दाखवावं लागतं आणि नवं फक्त पुढच्या रिळांतच शिल्लक असतं. म्हणून प्रदर्शनाची तारीख जवळ येते तशी गोष्ट जास्त जास्त फुटत जाते.

याचं सर्वात स्पष्ट उदाहरण त्याच मालिकेत, चोवीस वर्षांनी घडलं. ‘टर्मिनेटर जेनिसिस’ १ जुलै २०१५ ला प्रदर्शित झाला. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला पहिला ट्रेलर बऱ्यापैकी सांभाळून कापलेला होता. जॉन कॉनर, जो आता प्रौढ आणि मानवांचा नेता आहे, आपल्या विश्वासू सैनिकाला १९८४ मध्ये पाठवतो. सैनिक तिथे पोहोचतो तर जॉनच्या ज्या आईला, सारा कॉनरला, वाचवायला तो आलाय ती आधीच लढाईला तयार असते. म्हणजे इतिहास बदललाय. एवढं कळलं की पुरे. हा चित्रपटाचा प्रारंभ आहे, आणि माणसाला तिकिटाकडे नेण्याइतका तो विचित्रही आहे.

एप्रिल २०१५ मध्ये दुसरा ट्रेलर आला. यात जॉन स्वतः त्यांच्यासमोर येतो. सगळ्यांना आनंद होतो. मग अर्नोल्डचा म्हातारा झालेला यंत्रमानव त्याच्यावर गोळी झाडतो, जॉनची जखम यंत्रासारखी भरून येते, आणि तो सांगतो की मी माणूसही नाही, यंत्रही नाही, त्याहून अधिक आहे. चित्रपटात हा प्रसंग साधारण मध्यावर, एका हॉस्पिटलच्या वाहनतळात घडतो. ज्या माणसाला वाचवण्यासाठी याआधीचे चित्रपट झटले, तोच शत्रू निघतो. कथेतला सर्वात मोठा घाव तो आहे. ट्रेलरने तो सुमारे अडीच महिने आधी घातला. पोस्टरवरही जॉनचा अर्धा चेहरा यंत्राचा दाखवला गेला.

दिग्दर्शक ॲलन टेलर यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं की ते प्रसंग प्रेक्षकाला आधी माहीत नसणार या हिशेबाने त्यांनी चित्रित केले होते आणि जाहिरातीच्या या निर्णयावरून त्यांचे खटके उडाले होते. जाहिरात विभागाची भीती काय होती, हेही त्यांनी सांगितलं: लोक आधीच साशंक आहेत, जुनाच माल पुन्हा विकताहेत असं त्यांना वाटतंय, तेव्हा यात नवीन काहीतरी आहे हे ठणकावून सांगायला हवं. ही भीती खोटी नव्हती. पण तिच्यासाठी जे विकलं गेलं ती चित्रपटाकडची एकमेव नवी चीज होती. अमेरिकेत चित्रपटाने सुमारे ९ कोटी डॉलर मिळवले, जगभरात ४४ कोटींच्या आसपास. आखलेले पुढचे भाग बनले नाहीत. ट्रेलरमुळेच असं झालं, असा दावा मी करणार नाही, चित्रपटात इतर दुबळेपणा पुष्कळ होता. पण इतकी मोठी किंमत मोजून अमेरिकेत गर्दी खेचली गेली नाही, एवढं तरी दिसतं.

मग हे थांबत का नाही? कारण ज्या वेळी मोजमाप होतं ती वेळच चुकीची आहे. ट्रेलर लोकांना दाखवून विचारलं जातं: हा चित्रपट तुम्ही नक्की पाहाल का? या प्रश्नाला जास्त माहिती मिळालेला माणूस जास्त खात्रीने हो म्हणतो. साहजिकच आहे, खर्च करण्याआधी आपल्याला खात्रीच हवी असते. पण तोच माणूस थिएटरातून बाहेर पडताना त्याला कमी मजा आली का, हे कुणी ट्रेलरच्या खात्यावर मांडत नाही. त्यात पैशाची रचनाही तशीच आहे. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या दीर्घ संपानंतर हिंदी चित्रपटांसाठी वाटणी ठरली ती अशी: पहिल्या आठवड्यात वितरकाचा वाटा ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे तेच तिकीट पहिल्या आठवड्यात विकलं गेलं तर वितरकाच्या पदरात अधिक पडतं. तोंडी प्रसिद्धीने तिसऱ्या आठवड्यात येणारा प्रेक्षक त्याला स्वस्तात जातो. शुक्रवार ते रविवार भरून काढण्यासाठी शेवटच्या रिळातला शॉट उधळणं त्याच्या हिशेबात बसतं.

या बाजूने सर्वात प्रामाणिक युक्तिवाद ‘कास्ट अवे’चे दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी २००० साली केला. विमान कोसळून निर्जन बेटावर अडकलेल्या माणसाची ती गोष्ट. तो तिथून सुटतो आणि परत येतो हे ट्रेलरमध्येच दाखवलं होतं. झेमेकिस यांचं म्हणणं असं की लोकांना काय पाहायला मिळणार हे नेमकं ठाऊक असलेलं आवडतं. त्यांनी मॅकडोनाल्डचा दाखला दिला, तिथे जाणाऱ्याला काही अनपेक्षित मिळत नाही आणि म्हणूनच तो जातो. याला मानसशास्त्राचाही थोडा आधार मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड या संशोधकांनी २०११ मध्ये बारा लघुकथांवर प्रयोग केला. शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या.

हे मी मोडीत काढत नाही. आपण कीर्तनाला जातो तेव्हा आख्यान माहीतच असतं, आणि तरी डोळे भरून येतात. पण तिथे शेवट लपवण्याची कुणी रचनाच केलेली नसते. त्या प्रयोगात छोट्या कथा होत्या, एका बैठकीत वाचून संपणाऱ्या. आणि पुढे २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबाम यांच्या अभ्यासात शेवट फुटल्याने कथेची उत्कंठा आणि रंजकता कमी झाल्याचंही दिसलं. ‘कास्ट अवे’बद्दल मात्र झेमेकिस यांची बाजू बरीच खरी आहे. ‘तो वाचेल का’ हा त्या चित्रपटाचा गाभा नाहीच. परत आल्यावर त्याचं जग त्याच्यासाठी थांबलेलं असतं का, हा आहे. माझी तक्रार एवढीच की तो उत्तरार्धही ट्रेलरने उलगडायला घेतला. सुटकेचं सांगितलं ते चाललं असतं, सुटकेनंतरचं नको होतं.

कायद्याकडून इथे काही मिळणार नाही, आणि मिळूही नये. आपल्याकडे याच्या उलट बाजूचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ च्या ‘फॅन’च्या प्रोमोमध्ये ‘जबरा फॅन’ हे गाणं होतं, चित्रपटात नव्हतं. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचात तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार खर्च मंजूर केला. राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये तो निर्णय कायम ठेवला. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रोमो म्हणजे करार नव्हे, त्यातली प्रत्येक गोष्ट चित्रपटात असेल असं वचनही नव्हे, आणि कलेशी संबंधित सेवांत देणाऱ्याला स्वातंत्र्य असणारच, असा त्याचा आशय. मला हा निकाल योग्य वाटतो. ट्रेलरमधला प्रत्येक शॉट चित्रपटात असलाच पाहिजे अशी सक्ती झाली असती, तर ट्रेलर कापणाऱ्यांचं एक चांगलं हत्यार गेलं असतं. ‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’च्या ट्रेलरमध्ये हल्क बाकीच्यांबरोबर रणांगणावर धावताना दिसतो, चित्रपटात तो शॉट नाही, कारण तिथे हल्क यायलाच तयार नसतो. म्हणजे तो शॉट रहस्य राखण्यासाठीच वापरला होता. गोष्ट फुटू नये म्हणून थोडं वळसा घालून सांगण्याची मुभा हवीच.

कमी सांगूनही चित्रपट विकता येतो, याचा आपल्या घरचा पुरावा ‘सैराट’ आहे. २९ एप्रिल २०१६ ला तो आला तेव्हा लोकांपर्यंत पोहोचली होती ती अजय-अतुलची गाणी, आर्ची-परशाची जोडी, विहीर, शेत, बुलेट. जातीचा ताण दिसत होता, पळून जाणं सूचित होतं. शेवटाकडे मात्र बोटही दाखवलं नव्हतं. त्या शेवटाबद्दल मी इथेही लिहीत नाही. दहा वर्षांनीसुद्धा कुणीतरी पहिल्यांदा पाहणार असतो. पहिले काही आठवडे पाहून आलेली माणसं विचारलं तर एवढंच म्हणायची, ‘सांगत नाही, बघून ये.’ तो तोवरचा सर्वाधिक कमाईचा मराठी चित्रपट ठरला. झिंगाटवर नाचायला गेलेल्यांना फसवलं, असं तेव्हा काही जण म्हणाले. मला ते पटत नाही. गाण्यांच्या जोरावर आत नेऊन शेवटी गप्प करणं हीच नागराज मंजुळे यांच्या चित्रपटाची रचना होती, आणि प्रसिद्धीने त्या रचनेचा मान ठेवला.

प्रेक्षक म्हणून आपल्या हातात काय आहे? ट्रेलर पाहणंच सोडून देणं हा उपाय मला मान्य नाही. चांगला कापलेला ट्रेलर पाहण्यात आनंद आहे. पण तो कुठे बंद करायचा, हे ओळखता येतं. सर्वात भरवशाची खूण आहे ती चेहऱ्याची. पात्र हादरलेलं दिसलं आणि कशामुळे ते दिसलं नाही, तर ते आमंत्रण आहे. पात्राचा हादरलेला चेहरा आणि त्याचं कारण दोन्ही लागोपाठ दाखवलं, तर चित्रपटातला एक अख्खा प्रसंग तुमच्या हातून गेला. ‘जेनिसिस’च्या दुसऱ्या ट्रेलरमध्ये नेमकं हेच आहे: गोळी लागते, समोरचे हादरतात, आणि जखम भरून येताना दिसते.

दुसरी खूण संगीत थांबण्याच्या जागेची. पडदा काळा होतो तिथवर तुम्हाला संकट कळलेलं असतं. त्यानंतर सुटे सुटे शॉट आले, कुठला कशानंतर ते कळत नाही अशा क्रमाने, तर निर्धास्त पाहा. मारामारी आणि स्फोट कितीही असले तरी त्यातून काही फुटत नाही. पण काळ्या पडद्यानंतरही पूर्ण वाक्यांचे संवाद चालू राहिले, याने असं केलं म्हणून तिने तसं केलं अशी कारणांची साखळी पुढे जायला लागली, तर तुम्ही उत्तरार्धात शिरलेले आहात. तिथेच बंद करा. एकाच पात्राकडे लक्ष ठेवलं तरी हे समजतं. जॉन आधी नेता, मग परत भेटलेला आप्त, मग शत्रू. एका ट्रेलरमध्ये एका माणसाच्या तीन अवस्था म्हणजे त्याचा संपूर्ण प्रवास. आणि मोठ्या चित्रपटांच्या बाबतीत साधा नियम पुरतो: पहिला ट्रेलर पाहावा, दुसरा टाळावा.

टाळता न येणारी जागा मात्र एक आहे: थिएटर. दुसऱ्या चित्रपटाचं तिकीट काढून अंधारात बसलेल्या माणसाला डोळे मिटण्यापलीकडे काही करता येत नाही. अमेरिकेतल्या थिएटरमालकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये याच कारणाने आपल्या सभासदांसाठी सूचना काढल्या: ट्रेलर दोन मिनिटांपेक्षा लांब नको, आणि प्रदर्शनाच्या १५० दिवसांहून आधी दाखवायचा नाही, प्रत्येक वितरकाला वर्षात दोन अपवाद. त्याआधी स्टुडिओंच्या संघटनेची मर्यादा अडीच मिनिटांची होती. सूचना ऐच्छिक होत्या, तरी मागणी थिएटरवाल्यांकडून आली हे महत्त्वाचं, कारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला प्रेक्षक त्यांना हवा असतो. आपल्याकडेही त्या आठवड्यांत तिकिटाचा मोठा वाटा थिएटरकडे राहतो. तेव्हा आपल्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी तीन-तीन मिनिटांच्या ट्रेलरना दोन मिनिटांची मर्यादा घालावी आणि निर्मात्यांनी दिग्दर्शकाच्या करारात एक ओळ घालावी: मध्यंतरानंतरचा कोणता प्रसंग ट्रेलरमध्ये वापरायचा नाही, हे दिग्दर्शक लिहून देईल आणि ट्रेलर कापणाऱ्या संस्थेला ती यादी कच्च्या कटबरोबरच मिळेल. ॲलन टेलर यांच्या यादीत त्या वाहनतळाचा एकच प्रसंग असता.